हिवतापाच्या स्लाइड-रजिस्टरमधून आठवड्याचे आकडे काढताना

शहापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेतलं हिवतापाचं रजिस्टर, २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षं. त्यातून दर आठवड्याला किती स्लाइड पॉझिटिव्ह आल्या आणि त्यांत पीव्ही किती, पीएफ किती, म्हणजे व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम या परजीवीच्या दोन जातींपैकी कोणती किती, असा तक्ता मला काढायचा होता. पावसाशी त्याची सांगड घालून पाहणं हा माझ्या प्रबंधाचा विषय. महिन्याचे आकडे अहवालात तयार मिळतात. पण पाऊस पडणं, डास वाढणं, डासाच्या पोटात परजीवी तयार होणं आणि मग माणसाला ताप येणं हे सगळं आठवड्यांच्या हिशेबात चालतं. महिन्याच्या एका आकड्यात ते अंतर बुजून जातं.

मी ठाण्याला राहते. जिल्हा एकच असल्यामुळे काम सोपं जाईल, असं गृहीत धरलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये कॉलेजच्या एथिक्स कमिटीचं पत्र हातात आलं आणि जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज दिला. मे संपत आला तेव्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात अर्ज एकदा परत आला, कारण त्यात नुसतं ‘रजिस्टर पाहण्याची परवानगी मिळावी’ असं लिहिलेलं होतं. कोणत्या वर्षांचं रजिस्टर, त्यातले कोणते रकाने आणि ते उतरवणार कसे, हे त्यांना हवं होतं. दुसऱ्या अर्जात रकाने एकेक करून लिहिले: स्लाइड क्रमांक, वय, लिंग, उपकेंद्र, स्लाइड घेतल्याची तारीख, तपासल्याची तारीख, निकाल, शेरा. रुग्णाचं नाव, पत्ता, मोबाइल उतरवणार नाही आणि पानांचे फोटो काढणार नाही, हेही लिहिलं. तुम्ही असं काही करणार असाल तर पहिल्याच अर्जात हे घाला, आणि झेरॉक्सवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. पुढे तालुक्याला आणि केंद्रावर प्रत्येकाने आधी तो शिक्का पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

जूनपासून शनिवारी जायला लागले. ठाण्याहून कसारा लोकल, आसनगावला उतरायचं, पुढे शेअर जीप. लोकलचा मासिक पास होताच, त्यामुळे खर्च मुख्यतः जीपचा, जाऊन-येऊन शंभराच्या आसपास. प्रयोगशाळेतले टेक्निशियन, ज्यांना तिथे सगळे ‘एलटी सर’ म्हणतात, दुपारी ओपीडीच्या स्लाइड संपल्यावर मोकळे होत. त्यामुळे सकाळी लवकर पोचून उपयोग नसे. मी उशिराची गाडी धरायला लागले.

रजिस्टर म्हणजे जाड बांधणीची वही, आडव्या पानावर रकाने. निगेटिव्ह निळ्या शाईत आणि पॉझिटिव्ह लाल शाईत. ही लाल शाई फार उपयोगी पडते, पान उलटतानाच नजर तिथे जाते. पण फक्त लाल ओळी उतरवून चालत नाही. एखाद्या आठवड्यात लाल ओळ नाही याचा अर्थ स्लाइड तपासल्या आणि एकही पॉझिटिव्ह नव्हती, की त्या आठवड्यात कुणी स्लाइडच घेतली नाही? पहिल्यात आकडा शून्य आहे, दुसऱ्यात आकडाच नाही. त्यामुळे मी दोन याद्या केल्या. लाल ओळींची सविस्तर यादी, एका स्लाइडला एक ओळ. आणि निळ्या-लाल मिळून सगळ्या स्लाइडची दिवसवार नुसती संख्या. दुसरी यादी कंटाळवाणी होते, पण स्लाइड क्रमांक ओळीने असल्यामुळे शेवटच्या क्रमांकातून पहिला वजा करून एक मिळवला की संख्या मिळते. फक्त मधला एखादा क्रमांक गळलेला किंवा दोनदा पडलेला नाही ना, ते पाहायचं. आणि दर १ जानेवारीला क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात, म्हणून स्लाइड क्रमांकासोबत वर्षही लिहायचं.

उतरवताना सगळ्यांत जास्त वेळ घेतला तो त्या दोन टिंबांनी, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’च्या खुणेने. तारखेच्या रकान्यात वर एकदा तारीख आणि खाली पानभर टिंबं. पान उलटलं की नव्या पानावर पहिल्या ओळीतही टिंबंच. वरची तारीख मागच्या पानाच्या कुठल्या ओळीवर आहे ते शोधून प्रत्येक लाल ओळीत पूर्ण तारीख टंकायची, हा नियम मी पहिल्या दिवशीच ठरवला. निकालाच्या रकान्यातही निगेटिव्हसाठी एक लांब महिरपी कंस असतो आणि त्याच्या पोटात मध्येच लाल ओळ येते. तिथे कंस कुठे तुटतो ते डोळ्यांनीच पाहावं लागतं.

आता तारखांचं. रजिस्टरमध्ये एका स्लाइडच्या तीन तारखा असू शकतात: रक्त घेतलं ती, स्लाइड केंद्रावर आली ती, आणि तपासली ती. ओपीडीत आलेल्या माणसाच्या तिन्ही तारखा बहुधा एकच. पण आरोग्य सेवक पाड्यांवर फिरून तापाच्या रुग्णांच्या स्लाइड घेतात, त्या दोन-चार दिवसांनी एकत्र पोचतात. एलटी रजेवर असले किंवा त्यांना दुसऱ्या केंद्राचाही भार असला, की पोचलेल्या स्लाइडही थांबून राहतात. आठवड्याचा तक्ता कोणत्या तारखेने करायचा, यावर सगळं चित्र बदलतं.

खरे आकडे छापायची मला परवानगी नाही, म्हणून आकडे बदलून आणि कडेच्या आठवड्यांची सरमिसळ काढून एक नमुना देते. २०२४ चा ३१ वा आठवडा २९ जुलैला सुरू होतो, ३४ वा १९ ऑगस्टला. समजा १ ऑगस्टपासून एलटी नव्हते आणि २० ऑगस्टला आल्यावर त्यांनी साठलेल्या स्लाइड दोन-तीन दिवसांत तपासल्या. तपासल्याच्या तारखेने मोजलं तर या चार आठवड्यांचे पॉझिटिव्ह येतात ३, ०, ०, १४. कुणीही पाहून म्हणेल की १५ ऑगस्टनंतर गावात साथ उसळली. त्याच सतरा स्लाइड रक्त घेतल्याच्या तारखेने लावल्या तर होतात ५, ४, ६, २. साथ वगैरे काही नाही, पावसाळ्यातला नेहमीचा मंद हिवताप आहे. चौदाचा उंचवटा रुग्णांचा नाही, टेबलावर साठलेल्या स्लाइडचा आहे.

म्हणून रक्त घेतल्याची तारीख धरायची, हे उघड. तरी मी तपासल्याची तारीख टाकून दिली नाही, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली कामाची गोष्ट हीच. केंद्रातून दर महिन्याला जो अहवाल वर जातो, तो इथे तपासल्याच्या तारखेने भरलेला असतो. मी उतरवलेली यादी बरोबर आहे का, हे पडताळायला माझ्याकडे तेवढं एकच बाहेरचं माप होतं. तेव्हा आधी तपासल्याच्या तारखेने महिन्याची बेरीज करायची, ती अहवालाच्या कार्यालयीन प्रतीशी जुळवायची, फरक आला तर पानावर जाऊन कारण शोधायचं. चोवीस महिने जुळले की मगच रक्त घेतल्याच्या तारखेने आठवडे पाडायचे. उलट क्रमाने केलं तर बेरीज अहवालाशी कधीच जुळत नाही आणि चूक कुठली, तारखेचा फरक कुठला, हे वेगळं करता येत नाही.

काही महिने एक-दोनाने जुळेनात. त्यातला बराचसा फरक ‘मिक्स’चा निघाला. एकाच स्लाइडमध्ये दोन्ही जाती सापडल्या की रजिस्टरमध्ये ‘मिक्स’ लिहितात, आणि अहवालात ती स्लाइड पीएफमध्ये धरलेली होती. उपचाराच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे, पीएफ दिसला की त्याचे उपचार टाळता येत नाहीत. पण जातीनिहाय तक्त्यात मिक्सला स्वतःचा रकाना द्यावा. पुढे कुणाला पीएफमध्ये मिळवायचा असेल तर एका बेरजेत मिळवता येतो, आधीच मिळवला तर परत काढता येत नाही. पीव्हीच्या आणि पीएफच्या अशा दोन्ही रकान्यांत तीच स्लाइड मात्र घालू नये, एकूण बेरीज फुगते.

दुसरा फरक उलटतपासणीचा. सगळ्या पॉझिटिव्ह स्लाइड आणि काही निगेटिव्ह वरच्या प्रयोगशाळेत फेरतपासणीला जातात. तिथून निकाल बदलून आला की शेऱ्यात वेगळ्या शाईत लिहिलेलं असतं: पीव्हीचा मिक्स झाला, क्वचित निगेटिव्हचा पीव्ही. महिन्याचा अहवाल तोवर गेलेला असतो. मी पहिला निकाल आणि अंतिम निकाल असे दोन रकाने ठेवले. अहवालाशी जुळवायला पहिला, तक्त्याला अंतिम.

निकालाच्या रकान्यात नुसतं पीएफ नसतं, त्याच्यापुढे आर, जी किंवा आरजी अशी अक्षरं असतात. आर म्हणजे रिंग अवस्था, जी म्हणजे गॅमेटोसाइट, डासाकडे जाणारी अवस्था. पहिल्यांदा मी ही अक्षरं गाळणार होते. एलटी सर म्हणाले, “मॅडम, जी नका सोडू. नुसता जी असेल तर तो पेशंट मागे जाऊन बघा, आधी येऊन गेलेला असतो.” पीएफच्या औषधाने रिंग जातात, पण पिकलेले गॅमेटोसाइट रक्तात काही दिवस, कधी काही आठवडेही दिसत राहतात. उपचार नीट झालेल्या माणसाची फेरस्लाइड घेतली तरी ती लाल शाईत येऊ शकते. ती नवी केस नाही.

म्हणजे पॉझिटिव्ह स्लाइड आणि पॉझिटिव्ह माणूस हे दोन वेगळे हिशेब. फेरस्लाइड असेल तर शेऱ्यात बहुतेक वेळा ‘एफयू’ लिहिलेलं असतं, पण नेहमी नाही. तिथे नाव, वय आणि गाव जुळवून मागची पानं चाळावी लागतात, आणि नाव तर मला उतरवायचं नव्हतं. यावर उपाय साधा निघाला: तो निर्णय तिथेच, वही समोर असताना घ्यायचा आणि माझ्या फाइलमध्ये फक्त ० किंवा १ टाकायचा. नियम मार्गदर्शक मॅडमशी बोलून आधी लिहून ठेवला होता. त्याच माणसात तीच जात २८ दिवसांच्या आत पुन्हा दिसली तर ती फेरस्लाइड, त्यानंतर दिसली तर नवी नोंद. पीव्ही यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी उलटतो, त्यामुळे नव्या नोंदींत थोडे उलटलेले जुने रुग्णही असणार. रजिस्टरवरून ते वेगळे काढता येत नाहीत. वरच्या नमुन्यात सतरातल्या दोन स्लाइड फेरस्लाइड धरल्या, एक ३३ व्या आठवड्यातली, एक ३४ व्यातली, तर उरतात ५, ४, ५, १. जातीने मांडलं तर ३१ व्यात पीव्ही ४, पीएफ १. ३२ व्यात पीव्ही ३, पीएफ १. ३३ व्यात पीव्ही ३, पीएफ १, मिक्स १. ३४ व्यात पीव्ही १. चौदाच्या उंचवट्यापासून आपण इथवर आलो.

आठवड्याला क्रमांक देण्यापेक्षा त्या आठवड्याच्या सोमवारची तारीख द्या, असं मी सांगेन. रोग सर्वेक्षणात आठवडा सोमवार ते रविवार धरतात, तेच मी धरलं. क्रमांकाचा घोळ वर्षाच्या टोकाला होतो. ३० आणि ३१ डिसेंबर २०२४ हे दोन दिवस सोमवार-मंगळवार असल्याने ते २०२५ च्या पहिल्या आठवड्यात जातात. शीटला `ISOWEEKNUM` ने क्रमांक विचारला तर ती १ सांगते, त्याच्याशेजारी वर्ष २०२४ लावलं की डिसेंबरची केस थेट मागच्या जानेवारीत जाऊन बसते. सोमवारची तारीख घेतली की हा प्रश्नच येत नाही. `LL` नावाच्या पानावर बी रकान्यात रक्त घेतल्याची तारीख, डीमध्ये अंतिम निकाल, ईमध्ये फेरस्लाइडचा ० किंवा १ असेल, तर एफमध्ये सोमवार असा निघतो:

```
=B2-WEEKDAY(B2,2)+1
```

आणि दुसऱ्या पानावर पहिल्या रकान्यात सगळे सोमवार, वरच्या ओळीत `Pv`, `Pf`, `Mix` लिहून:

```
=COUNTIFS(LL!$F:$F,$A2,LL!$D:$D,B$1,LL!$E:$E,0)
```

सोमवारांची यादी हाताने, खंड न पाडता भरायची: २ जानेवारी २०२३ पासून २३ डिसेंबर २०२४ पर्यंत, एकशे चार ओळी. पिव्होटने केलं तर ज्या आठवड्यात एकही केस नाही तो आठवडाच तक्त्यातून नाहीसा होतो. शेजारी त्या आठवड्यात घेतलेल्या एकूण स्लाइडचा रकाना. तिथे शून्य असेल त्या ओळीत केसच्या जागी शून्य न ठेवता रिकामं सोडायचं. निकालाचे शब्द टंकताना यादीतूनच निवडायची सोय करून ठेवा, नाहीतर शेवटी एक मोकळी जागा पडलेला पीएफ मोजणीत येत नाही आणि शीट काही तक्रारही करत नाही. आणखी एक: डिसेंबर २०२४ मध्ये घेतलेल्या काही स्लाइड जानेवारीत तपासलेल्या असतात आणि त्या नव्या वहीत असतात. म्हणून २०२५ च्या रजिस्टरची पहिली काही पानं मागावी लागली. परवानगीत ते वर्ष नव्हतं. त्यासाठी पुन्हा एक पत्र, पुन्हा आवक शिक्का, आणि दोनेक आठवडे गेले.

रक्त घेतल्याची तारीख काही ओळींत नव्हतीच. आरोग्य सेवक स्लाइडच्या गठ्ठ्यासोबत जो फॉर्म देतात त्यावर ती असते. जुने फॉर्म कपाटाच्या वर गोणपाटात बांधून ठेवलेले होते. शिपाईमामांनी ते उतरवून दिले आणि म्हणाले, “ताई, यांना हात लावणारं तुम्ही पहिलंच माणूस.” धूळ इतकी की पुढच्या वेळी मास्क नेला. बहुतेक तारखा तिथे मिळाल्या. ज्या मिळाल्या नाहीत तिथे स्लाइड केंद्रावर आल्याची तारीख घेतली आणि त्या ओळीला वेगळी खूण केली. अंदाजाने दिवस मागे ढकलण्याचा मोह होतो, पण त्या गावाचा सेवक कधी रोज गठ्ठा देतो, कधी आठवड्याने, मग किती दिवस मागे ढकलणार?

तक्ता झाल्यावर एक गोष्ट करून पाहा असं एलटी सरांनीच सुचवलं. रक्त घेतल्यापासून तपासेपर्यंत किती दिवस गेले, त्याप्रमाणे स्लाइडचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटात शंभरात किती पॉझिटिव्ह ते बघायचं. फार थांबलेल्या गटात प्रमाण कमी दिसलं. थांबलेल्या स्लाइडवर रोग कमी असायला काही कारण नाही. कारण बहुधा स्लाइडमध्येच आहे: स्लाइडवरचा रक्ताचा जाड थेंब पावसाळी हवेत न रंगवता राहिला की आपोआप काचेला धरतो, मग रंगवताना त्यातलं हिमोग्लोबिन नीट धुऊन निघत नाही, मागचं सगळं गढूळ दिसतं. त्यात बुरशी आणि मुंग्या. त्याच्या शेजारचा रक्ताचा पातळ थर खराब झाला तर जात ओळखणं आणखी अवघड. म्हणजे तारखा बरोबर लावल्याने केस आपल्या आठवड्यात परत जातात, पण खराब स्लाइडवर न दिसलेल्या केस परत येत नाहीत. ऑगस्टच्या मधल्या आठवड्यांचे माझे आकडे कमीच असणार, आणि तसं प्रबंधात लिहिलं आहे.

दुसरी मर्यादा किटची. दूरच्या पाड्यावर आशाताईंकडे रॅपिड किट असतं. किट पॉझिटिव्ह आलं की उपचार सुरू होतात आणि त्या माणसाची स्लाइड कित्येकदा केंद्रावर येतच नाही. ती नोंद आशाताईंच्या आणि सेवकांच्या फॉर्ममध्ये राहते, या वहीत नाही. किटचा साठा आला की वहीतले आकडे उतरतात, संपला की चढतात. किटच्या केस याच तक्त्यात मिसळायचा विचार आला होता, पण पीएफचं प्रतिजन उपचारानंतरही काही आठवडे किटवर दिसत राहतं, तिथे २८ दिवसांचा नियम वेगळा लावावा लागेल. म्हणून तक्त्याच्या नावातच ‘सूक्ष्मदर्शक तपासणी’ हे शब्द घातले.

ऑगस्टच्या अखेरीला काम संपलं. फाइलची एक प्रत केंद्राला दिली, सोबत एक पान जोडलं: आठवडा कोणत्या तारखेने, मिक्स कुठे, फेरस्लाइडचा नियम काय, रिकामी ओळ म्हणजे काय, किती ओळींत तारीख बदली घेतली. वैद्यकीय अधिकारी मॅडमनी ते पान आधी वाचलं आणि ऑगस्टच्या ओळींवर बोट ठेवून विचारलं की मागच्या वर्षीच्या बैठकीत याच महिन्याबद्दल त्यांना जाब द्यावा लागला होता, तो उंचवटा हाच का. एलटी सर हसले. मॅडमनी पानाची झेरॉक्स काढून घेतली आणि बैठकीच्या फाइलला लावली.